चारशे दोनचं ‘नंतर’

आमच्या सोसायटीची दुरुस्ती पूर्ण झाल्याची बातमी मला कोपरीला, माहेरी कळली. बाळाला दुपट्यात गुंडाळत होते, तेवढ्यात मोबाइल टुणटुणायला लागला आणि एकामागून एक एकशे आठ फोटो येऊन पडले. छत्तीस फ्लॅट, प्रत्येकी तीन फोटो: ‘आधी’, ‘काम चालू’ आणि ‘नंतर’. बरोब्बर एक जपमाळ. आमचे सेक्रेटरी त्र्यंबककाका यांनी कॉन्ट्रॅक्टरचा अख्खा अल्बम ग्रुपवर ओतला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘सर्वांनी बघून समाधान करून घ्यावे.’

सर्वांनी लगेच समाधान करून घेतलं. पहिला फोटो यायच्या आत दोन अंगठे आले होते. कुणी हात जोडले, कुणी गुच्छ पाठवला. आमच्या समोरच्या चारशे एकमधल्या रंगूबाईंनी गुलाबाच्या फुलावर ‘शुभ सकाळ’ पाठवलं. तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते, पण भावना पोचली.

मी आमचे तीन उघडले. चारशे दोन, बेडरूम, छत. ‘आधी’मध्ये ती ओळखीची तड्याची रेघ होती, बीमपासून पंख्यापर्यंत आलेली, तिच्या कडेने गंजाचा तपकिरी डाग, आणि मधोमध तो खड्डा. त्या खड्ड्यातला पोपडा सातव्या महिन्यात सकाळी अकरा वाजता माझ्या उशीवर पडलेला. मी तेव्हा नुकतीच उठून स्वयंपाकघरात आवळासुपारी शोधायला गेलेले. आईने ते ऐकलं आणि ओटभरणाची तारीख वगैरे न बघता मला उचलून कोपरीला नेलं. त्यानंतर ऋतुराजची कंपनीने चार महिन्यांसाठी पुण्याला रवानगी केली, सासूबाई धुळीचा त्रास नको म्हणून संगमेश्वराकडे गावी गेल्या, आणि घराची किल्ली राहिली काकांकडे. म्हणजे आमच्या छताचं सगळं बाळंतपण घरात कुणी नसताना झालं.

‘काम चालू’मध्ये छत फोडून सळ्या उघड्या केलेल्या दिसत होत्या, त्यांच्यावर करडा लेप. ‘नंतर’मध्ये दुधासारखं पांढरं छत. मीसुद्धा अंगठा पाठवला. खोटं कशाला बोलू.

क्षिप्रा तीन महिन्यांची झाली आणि आम्ही डोंबिवलीला परतलो. कोपर स्टेशनच्या बाजूची आमची ती चार मजली इमारत नव्या रंगात बाशिंग बांधल्यासारखी उभी होती. ऋतुराजने बेडरूमचं दार उघडून छताकडे असा हात केला, की जणू स्वतः शिडीवर चढून केलंय. सासूबाई दोन दिवस आधी येऊन घर तीनदा पुसून बसलेल्या. घडीचा पाळणा पंख्यापासून जरा लांब, बीमच्या खाली मांडलेला. त्यावर मच्छरदाणी. सगळं छान होतं.

चौथ्या दिवशी मच्छरदाणीवर एक खडा सापडला.

खडा म्हणजे तांदळाच्या कणीएवढा. एका बाजूने पांढरा, दुसऱ्या बाजूने तपकिरी. मी तो तळहातावर घेऊन घरभर फिरवला. ऋतुराज म्हणाला, नवा रंग सुकताना गळतो. सासूबाई म्हणाल्या, पालीने पाडला असेल. काकांना जिन्यात गाठलं तर ते म्हणाले, कोपरच्या बाजूला राहायचं तर रुळांचा हादरा धरून चालायचं. एकाच कणीची तीन कारणं, तिन्ही ठाम. एकानेही डोकं वर करून छताकडे बघितलं नाही.

मी पाळणा हॉलमध्ये नेला. सासूबाईंनी तो परत बेडरूममध्ये आणला, कारण हॉलमध्ये दाराची झुळूक लागते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची दृष्ट. मी पुन्हा नेला. अशी त्या पाळण्याची दिवसातून दोनदा वरात निघायला लागली, आणि क्षिप्रा आत पडल्या पडल्या दोन्ही वेळा मजेत हसायची. तिला वाटत असणार, जगातले सगळे पाळणे असेच फिरतात.

सहाव्या दिवशी सासूबाईंनी शेजारी रंगूबाईंना सांगितलेलं मी ऐकलं. बाळंतपणानंतर बायकांना असं होतं म्हणे काही दिवस. वर बघत बसतात. ओवा, शोपा वेळेवर खाल्ल्या की जातं.

मी ओवा खाल्ला. शोपाही खाल्ल्या. वर बघायचं काही गेलं नाही.

क्षिप्रा दुपारी झोपते ती पंचवीस मिनिटं. त्यातली पहिली पाच मिनिटं ती खरंच झोपलीय का हे बघण्यात जातात, शेवटची पाच ती उठेल या धास्तीत. मधल्या पंधरा मिनिटांत मी ते तीन फोटो काढून बसायला लागले. खरं तर मन शांत करायला बसले होते. म्हटलं, ‘आधी’ आणि ‘नंतर’ नीट बघू, काम झालेलं डोळ्यांना दिसलं की सारखं वर बघणं थांबेल.

लहानपणी पुरवणीत यायचं ना, दोन चित्रांतले सहा फरक ओळखा, त्यात मी तरबेज होते. पण ते कोडं सोपं असतं, कारण तिथे दोन चित्रं सारखीच असायला हवी असतात. दुरुस्तीच्या फोटोंचं उलटं आहे. इथे फरक असायलाच हवा, त्यासाठीच तर फोटो काढलेले. कुठलाही फरक दाखवला की समोरचा म्हणतो, मग, झालं ना काम? तेव्हा मी लसीकरणाच्या फाइलच्या मागच्या पुठ्ठ्यावर दोन रकाने आखले. दुरुस्तीमुळे होणारे फरक एकीकडे. दुरुस्तीने होऊच न शकणारे दुसरीकडे.

पहिल्या रकान्यात तडा, डाग, खड्डा आणि रंग भराभर गेले. दुसरा रकाना भरायला वेळ लागला. दोन्ही फोटो वेगवेगळ्या जागी उभं राहून काढलेले, त्यामुळे सगळंच जरा सरकलेलं दिसत होतं. मग मी दोन्ही कापून एकाच मापाचे केले, बीम आणि भिंत जिथे मिळतात तो कोपरा दोन्हीकडे एकाच जागी आणला, आणि अंगठ्याने पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिले. असं केलं की जे सारखं असतं ते जागचं हलत नाही आणि जे वेगळं असतं ते टुणकन उडी मारतं. पडदा उडाला. पडद्याचं काय, तो सासूबाईंनी गावी जाताना काढून ठेवलेला, त्यामुळे खूण केली आणि सोडून दिला. सावल्या उडाल्या, पण एक फोटो सकाळचा, एक दुपारचा असेल. बटणांचा बोर्ड जागच्या जागी. खाली लोखंडी कपाटाचा वरचा भाग दिसत होता, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. मी पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘स्वस्तिक: आहे, आहे. सारखं.’ आणि पुढे गेले.

मग पंखा उडाला.

पंखा तोच होता, तीन पात्यांचा, तपकिरी. पण अंगठा सरकवला की त्याची पाती जणू कूस बदलायची. ‘आधी’मध्ये पात्याची एक कड खाली कललेली, ‘नंतर’मध्ये दुसरी. मी वर बघितलं. आमचा पंखा ‘आधी’सारखा होता.

संध्याकाळी ऋतुराजला दाखवलं. तो इंजिनिअर आहे, कॉम्प्युटरचा, म्हणजे त्याला सगळ्यातलं कळतं. तो म्हणाला, काम करताना पंखा उतरवला असेल आणि बसवताना पाती उलटी बसली असतील. मी म्हटलं, मग आत्ता सुलटी कशी? तो म्हणाला, पेंटरने परत नीट केली असतील. म्हणजे त्या माणसांनी पाती उलटी लावली, उलट्या पंख्याचा फोटो काढला, आणि फोटो काढून झाल्यावर कुणाला न सांगता सुलटी केली. आमच्या बिल्डिंगमध्ये नळाचा वायसर बदलायला माणूस तीन महिने येत नाही, हे तो विसरला असावा.

‘‘संचिता,’’ तो शेवटी म्हणाला, ‘‘तू थकली आहेस गं.’’

हे वाक्य नवऱ्यांना लग्नात आहेरात मिळत असावं. माझं बोलणं तिथे संपलं आणि भांडी घासणं सुरू झालं.

मग मी काकांकडे तक्रार केली, आणि त्यांनी मात्र तिची दखल घेतली. दखल म्हणजे त्यांनी कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर प्रफुल्ल याला वर पाठवला. हा चाळिशीचा, खिशाला तीन पेनं आणि कानाला कायम फोन. अल्बम त्यानेच केलेला. त्याने पाळण्यात वाकून क्षिप्राला ‘क्यूट’ म्हटलं, छताकडे ओझरतं बघितलं आणि भिंतीवर एक थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारतात तशी.

‘‘एकदम रॉक सॉलिड मॅडम. टेन्शनच नका घेऊ.’’

मी म्हटलं, भिंत नाही, छत. आणि पंख्याचा फोटो पुढे केला. त्याने तो लांब धरला, जवळ धरला, दोन बोटांनी मोठा केला, लहान केला. मग म्हणाला, हा वाइड अँगल असतो, त्याच्यात पाती फिरलेली दिसतात. मी विचारलं, मग बाकीची खोली का नाही फिरली? त्यावर त्याचा फोन वाजला. निदान त्याने तो कानाला लावला तरी.

जाता जाता त्याने सांगितलं, की शनिवारी कन्सल्टंट येतायत, काम पास केल्याची त्यांची सही झाली की परांची उतरणार आणि माणसं दुसऱ्या साइटवर जाणार. म्हणजे रंगाबिंगाचं काही बारीकसारीक असेल तर त्याच्या आत सांगा. बारीकसारीक म्हणताना त्याने पाळण्याकडे बघितलं. बहुतेक योगायोगाने.

शनिवार परवावर होता. मला काय हवंय ते तेव्हा माझ्यापुरतं अगदी स्पष्ट झालं. मला कुणाला चोर ठरवायचं नव्हतं. त्या पांढऱ्या रंगाच्या आत खरंच काही केलंय की नाही, एवढंच सही व्हायच्या आधी कुणीतरी बघायला हवं होतं. कारण एकदा सही झाली की माझं बाळ कागदोपत्री सुरक्षित झालं असतं, आणि कागदाखाली झोपवता येत नाही.

या दुरुस्तीची गंमत अशी, की ती झाकली जाते. सडलेलं सिमेंट फोडून काढायचं, सळ्यांचा गंज घासायचा, त्यांना लेप लावायचा, मग सिमेंटचा नवा मसाला भरायचा आणि काही दिवस त्यावर पाणी मारायचं. हे सगळं झाल्यावर वरून पुट्टी आणि रंग. आणि हे काहीही न करता नुसती पुट्टी आणि रंग लावला, तरी खालून दिसायला डिट्टो तेच. म्हणून तर मधले फोटो लागतात. कन्सल्टंट सुधीर सर, ज्यांचं ऑफिस ठाण्याला खोपटमध्ये आहे, त्यांनी दर मजल्यावरची काही घरं कामाच्या वेळी स्वतः बघितली होती. बंद घरांचं काम त्यांनी फोटोंवर पास करायचं ठरलं होतं. बंद घर एकच होतं. आमचं.

शनिवारी अकराला सोसायटीच्या ऑफिसात सभा. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली, त्यात एक टेबल, सहा खुर्च्या, आणि भिंतीवर मोठा टीव्ही, जो कॉम्प्युटरला जोडता येतो याचा काकांना फार अभिमान. मी क्षिप्राला पाजून, सासूबाईंच्या मांडीवर देऊन, पुठ्ठा घेऊन खाली गेले. ऋतुराजला म्हटलं, चल. तो आला. थकलेल्या बायकोला एकटं सोडत नाहीत.

सुधीर सरांनी पेनाचं टोपण काढून ठेवलेलंच होतं. काकांनी आधी आभाराचं भाषण केलं. मग ‘एका सदस्याची शंका आहे’ असं म्हणून माझ्याकडे हात केला, पंक्तीत कुणाला मीठ नको असलं की करतात तसा. मी आमचे दोन फोटो टीव्हीवर लावायला लावले आणि पंखा दाखवला. मोठ्या पडद्यावर तो आणखीच उघड दिसत होता. मी म्हटलं, घरगुती पंखे सगळे एकाच दिशेला फिरतात, त्यामुळे पात्यांचा कलही एकाच बाजूला असतो, तो असा बदलू शकत नाही.

खोलीतल्या सहाही माणसांनी माना वर करून ऑफिसातल्या पंख्याकडे बघितलं. तो फिरत होता. फिरत्या पंख्याची पाती दिसत नाहीत. झालं, मुद्दा तिथेच निकालात निघाला. कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले, आमच्याकडचा पंखा दोन्हीकडे फिरतो. दुसऱ्यांनी विचारलं, कुठल्या कंपनीचा. पुढची चार मिनिटं पंख्यांच्या कंपन्यांवर गेली. प्रफुल्लने तेवढ्यात पुन्हा वाइड अँगल आणला आणि तो सगळ्यांना पटला, कारण त्याचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता.

सुधीर सर एकटेच पडद्याकडे बघत होते. पण त्यांनी विचारलं ते मलाच, की फोटो आणि खोली यांत आणखी काही जुळत नाहीये का, कारण पंखा बदलताही येतो. प्रश्न रास्त होता. मी पुठ्ठा उलटून बघितला. पडदा, सावल्या, पंखा. बाकी सगळ्यापुढे मी स्वतःच्या हाताने ‘सारखं’ लिहिलेलं.

सरांनी पेन उचललं.

तेव्हाच दारात सासूबाई आल्या. कडेवर क्षिप्रा, रडून लाल. त्या मला न्यायला आल्या होत्या आणि आल्या आल्या ऐकवणार होत्या, ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण त्यांची नजर टीव्हीवर गेली आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या. क्षिप्रा त्यांचा चष्मा ओढत होती. त्यांनी तो तिच्या मुठीतून सोडवला आणि पुन्हा नीट बघितलं.

‘‘त्र्यंबकभावजी, हे कुणाचं घर?’’

काका म्हणाले, वहिनी, तुमचंच, चारशे दोन, नंतर.

‘‘माझ्या कपाटावर उलटं स्वस्तिक कुणी काढलं?’’

कुणाला काही कळेना. मी पडद्याकडे बघितलं. खाली, अगदी कडेला, कपाटावर ते होतं. वरचा हात डावीकडे वळलेला. शेजारच्या ‘आधी’मध्ये तो उजवीकडे वळलेला. आणि मी लिहिलं होतं: आहे, आहे, सारखं. आठवडाभर मी त्या फोटोतला इंच न् इंच तपासत होते आणि घरात रोज समोर असणारी ती खूण मी नुसती मोजून सोडली होती.

काका समजुतीने म्हणाले, कामगारांचा हात लागून पुसलं असेल, बिचाऱ्यांनी परत काढलं असेल. सासूबाईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

‘‘अठ्ठावीस वर्षं लक्ष्मीपूजनाला मी ते काढतेय. परवा घर पुसताना त्याला ओलं फडकं लागू नये म्हणून वरून हात फिरवला. सुलटं आहे, माझंच आहे. मग त्यांनी माझं पुसलं, उलटं काढलं, फोटो काढला, ते पुसलं आणि परत माझ्यासारखं काढलं? एवढं काम केलं असेल तर छत राहूनच गेलं असणार.’’

एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं, आणि तेही मला न्यायला आलेलं माणूस. ऋतुराज तोंड उघडं टाकून आईकडे बघत होता. तिला ‘तू थकली आहेस’ म्हणायची त्याची छाती नव्हती.

सुधीर सर उठून काकांच्या कॉम्प्युटरपाशी गेले. त्यांनी दोनदा कुठेतरी टिचकी मारली आणि ‘नंतर’चा फोटो आरशात पाहिल्यासारखा पालटला. खिडकी डावीकडून उजवीकडे गेली. स्वस्तिक सुलटं झालं. पंख्याची पाती वळली, ती थेट ‘आधी’सारखी. मग त्यांनी ‘काम चालू’ही पालटला. तोही त्याच खोलीचा.

सर म्हणाले, ‘‘जिन्याच्या दोन बाजूंचे फ्लॅट एकमेकांचे आरसे आहेत. ही खोली चारशे एकची.’’

आता सगळ्यांनाच दिसायला लागलं. तसंच राखाडी रंगाचं, त्याच काळातलं कपाट, त्यावर रंगूबाईंचं स्वस्तिक, आणि तेही त्याच भिंतीला, कारण आमच्या बेडरूममध्ये कपाट दुसरीकडे मावतच नाही. आणि पालटल्यावर रंगूबाईंच्या बेडरूमची ओळख पटवायला बिल्डिंगमध्ये कुणालाच अडचण नव्हती, ग्रुपवर त्या तिथूनच व्हिडिओ कॉल लावतात. एकाच छताचे सहा फोटो झाले होते, तीन त्यांचे, तीन... नाही, आमचा ‘आधी’ तेवढा खरा होता. तडा गेलेला भाग तेवढा प्रामाणिक.

प्रफुल्ल म्हणाला, मोबाइलमध्ये चुकून पालटलं असेल. चुकून दोन फोटो पालटले, चुकून त्यांच्यावर चारशे दोन पडलं, चुकून ते चारशे दोनच्या जागी बसले. सरांनी काकांना विचारलं, किल्ली किती दिवस बाहेर होती.

आणि काका खुलले. किल्ल्यांचं रजिस्टर हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. नेण्याची वेळ, आणण्याची वेळ, सही. शिवाय दुपारी एक ते चार किल्ली मिळणार नाही, कारण काका झोपतात. हे तीन तास वगळून दोन आठवडे रोज किल्ली न्यायची-आणायची म्हणजे कोणत्याही कामगाराला वैताग, आणि प्रफुल्ललाही तो आला असावा. काकांनी अभिमानाने पान काढून पुढे केलं. चारशे दोनसमोर दोन नोंदी. एक ‘आधी’च्या फोटोच्या दिवसाची. दुसरी रंगाच्या दिवसाची. मधे काहीच नाही. रजिस्टर पुढे करताना त्यांना वाटत होतं की आपण सोसायटीची बाजू मांडतोय. ते पान महिनाभर त्यांच्याच खणात होतं, आणि ‘सर्वांनी बघून समाधान करून घ्यावे’ हेही त्यांनीच लिहिलेलं.

सरांनी पेनाला टोपण लावलं आणि आम्ही सगळे वर गेलो. मी क्षिप्राला घेतलं. सासूबाईंनी कुणी सांगायच्या आत पाळणा बेडरूममधून उचलून हॉलमध्ये आणला, दाराच्या झुळकीसकट, दृष्टीसकट. माझ्याकडे बघितलं नाही. पाळण्यातलं दुपटं तेवढं दोनदा सरळ केलं.

सरांनी शिडी घेतली आणि लहान हातोडीने छतावर ठोकायला सुरुवात केली. खिडकीकडून टण, टण, टण असा घट्ट आवाज येत होता. बीमच्या जवळ आल्यावर तो बद्द झाला, रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा. त्यांनी आम्हाला दारापर्यंत मागे जायला सांगितलं आणि तिथे जरा जोरात मारलं.

ताटाएवढा तुकडा खाली आला. त्याच्या एका बाजूला दुधासारखा रंग होता. वर सळ्या दिसत होत्या, लेप नाही, काही नाही, गंजाने पापुद्रे सुटलेल्या. तुकडा पडला तिथे फरशीवर पाळण्याच्या पायांच्या चार खुणा होत्या.

क्षिप्रा आवाजाने दचकली आणि माझ्या गळ्याशी तोंड खुपसून रडायला लागली. मी तिला घेऊन स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकून उभी राहिले आणि तिला थोपटत राहिले. ऋतुराज मागून आला. तो म्हणाला, मी वर बघायला हवं होतं. मी म्हटलं, हो. तेवढं पुरलं. पुढे बरेच दिवस भांडी त्याने घासली.

ग्रुपवर अल्बम काढून टाकण्यात आला. काकांनी लिहिलं, ‘काही तांत्रिक कारणास्तव सुधारित फोटो लवकरच.’ त्याला एकोणीस अंगठे आले. रंगूबाईंनी पुन्हा गुलाब पाठवला. आपलं छत इतकं छान झालंय की दोन घरांना पुरलं, याचा त्यांना मनापासून आनंद झाला होता.

सर बजावून गेले की चारशे दोनचं काम सुरुवातीपासून होईल आणि तोपर्यंत सही नाही, परांचीही नाही उतरणार. सोमवारी प्रफुल्ल माणसं घेऊन आला. आम्ही हॉलमध्ये मुक्काम ठोकला. घरभर धूळ. मी सासूबाईंना म्हटलं, तुम्ही काही दिवस गावी जा, तुम्हाला धुळीचा त्रास आहे.

त्यांनी स्वयंपाकघरातली प्लास्टिकची खुर्ची आणून बेडरूमच्या दारात ठेवली, पदर नाकावर बांधला आणि बसल्या. पहिल्या दिवशी फोडकाम होईस्तोवर उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सळ्या घासून झाल्या म्हणून कामगार सांगायला लागला, तर म्हणाल्या, इथून गंज दिसतोय, ती डावीकडची. तो परत चढला. तिसऱ्या दिवशी लेप लावून झाल्यावर प्रफुल्ल स्वतः आला, मोबाइल वर धरला आणि फोटो काढायच्या आधी मागे वळला.

‘‘आजी, काढू का?’’

‘‘थांब,’’ त्या म्हणाल्या, आणि चष्मा पुसून शिडीकडे निघाल्या. ‘‘आधी मला बघू दे. शिडी धर नीट.’’

त्याने धरली. दोन्ही हातांनी, फोन खिशात घालून.